भाडेकरूच्या मृत्यूनंतर लिव्ह अँड लायसन्स करार संपवायचा आहे? वारसाने नोटीस अशी द्यावी

वडील किंवा भाऊ भाड्याच्या घरात एकटेच राहत होते आणि ते वारले, की घरमालकाकडून हमखास एक प्रश्न येतो : "लॉक-इन संपायला अजून चार महिने आहेत, त्याचं काय?" लॉक-इन म्हणजे करार मोडता येत नाही तो काळ. घाबरलेले वारस मग लिहून देतात, "आम्ही करार रद्द करू इच्छितो, कृपया परवानगी द्यावी." इथेच फसगत होते. मुदतीआधी करार मोडणाऱ्याला लागू होणारी नोटीस आणि लॉक-इनची कलमं आपण आपल्या हातानेच ओढवून घेतो.

महाराष्ट्रातला नेहमीचा ११ महिन्यांचा करार हा भाडेपट्टा नसतो, ती वापराची वैयक्तिक परवानगी असते. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५६ प्रमाणे ती सहसा दुसऱ्याकडे जात नाही, म्हणजेच ज्याला दिली त्याच्याबरोबर संपते. म्हणून वारसाच्या नोटिशीत विनंती नको. मृत्यूमुळे परवानगी संपली आहे हे कळवायचं आणि ताबा घेण्याची तारीख द्यायची.

त्याआधी कराराचं पहिलं पान मात्र नीट वाचा. 'भाडेकरू या संज्ञेत त्यांचे वारस समाविष्ट आहेत' असं वाक्य तिथे बऱ्याचदा छापील मसुद्यातून तसंच आलेलं असतं. ते असेल तर घरमालकाला वाद घालायला जागा मिळते. मृत्यूबाबत वेगळं कलम असेल तर आधी त्याचाच आधार घ्या.

नोटीस कोण देऊ शकतं? पत्नी, पती, मुलं, आई असा कोणताही कायदेशीर वारस. एकाने सही केली तरी चालते, पण बाकीच्यांचं संमतीपत्र जोडलेलं बरं. अनामत रकमेवर सगळ्यांचाच हक्क असतो आणि पैसे एकाला दिले म्हणून दुसरा दारात येईल, ही घरमालकाची भीती खोटी नसते. सोबत मृत्यू प्रमाणपत्र, कराराची प्रत, नातं दाखवणारं रेशनकार्ड किंवा तत्सम कागद, शेवटचं भाडं भरल्याचा बँकेचा उतारा आणि ज्या खात्यात अनामत हवी त्याचा रद्द केलेला चेक, एवढं जोडा. नोटिशीला स्टॅम्प पेपर लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही.

मजकूर साधा ठेवा :

"माझे वडील श्री. ____ यांचे दि. ९ ऑगस्ट रोजी निधन झाले. त्यांना दिलेली सदनिका क्र. __ च्या वापराची परवानगी (करार नोंदणी क्र. ____) त्यामुळे संपुष्टात आली आहे. दि. ३१ ऑगस्ट रोजी सकाळी ११ वाजता सामान हलवून रिकामा ताबा व किल्ल्या देण्यात येतील. देय भाडे व वीजबिल वजा करून उरलेली अनामत सोबत जोडलेल्या चेकवरील खात्यात जमा करावी."

स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा आणि नोटिशीचा फोटो व्हॉट्सॲपवरही टाका.

आता या उदाहरणाचा हिशेब. अनामत ६०,००० रुपये, भाडं १८,०००, जुलैपर्यंत भरलेलं. सामान ३१ ऑगस्टपर्यंत घरात होतं, म्हणून ऑगस्टचं पूर्ण भाडं देणं रास्त. वीजबिल १,१४०. परत मिळायला हवेत ४०,८६०. मृत्यूपूर्वीची थकबाकी असेल तर ती मयताच्या मालमत्तेतून द्यावीच लागते. मृत्यूनंतरच्या लॉक-इनच्या महिन्यांचं भाडं मागितलं, तर ते कोणत्या कलमाखाली हे लेखी विचारा. ताबा देताना मीटरचं रीडिंग, भिंती आणि किल्ल्यांचा फोटो काढा, आणि 'ताबा मिळाला' एवढ्या दोन ओळींवर घरमालकाची सही घ्या. ही सही नसली की "तुम्ही घर सोडलंच नाही" म्हणत भाडं चढत राहतं.

अनामत अडली तर? घरमालकाला स्वखुशीने द्यायची असेल तर सर्व वारसांचं हमीपत्र पुरतं. कोर्टात जायची वेळ आली, तर मात्र मयताचं येणं वसूल करायला भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम २१४ नुसार सहसा उत्तराधिकार प्रमाणपत्र लागतं. ते दिवाणी न्यायालयातून मिळतं, त्यात महिने जातात. चाळीस हजारांसाठी ते करण्यापेक्षा दोन-तीन हजारांवर तडजोड परवडते, असं माझं मत.

भाडेकरू जिवंत आहे पण कोमात आहे, तर वरचा मसुदा वापरू नका. परवानगी अजून त्याचीच आहे, आणि मुलगा म्हणून त्याच्या वतीने सही करायचा अधिकार आपोआप मिळत नाही. आधी करून ठेवलेलं साधं मुखत्यारपत्रही माणसाची मानसिक क्षमता गेली की संपतं. घरमालक समजूतदार असेल तर रुग्णालयाचं प्रमाणपत्र दाखवून, भाडं चालू ठेवून, ताबा-पावतीवर मामला मिटवा. तो अडून बसला किंवा मोठी रक्कम गुंतली असेल, तर पालक नेमण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि तिथे वकील घ्यावाच लागेल.