ट्रकचे पाटे खालीखाली आखूड का होत जातात?

ट्रकच्या मागच्या चाकाजवळ वाकून पाहिलं, तर पोलादी पट्ट्यांची एक जाड चळत दिसते. सर्वांत वर मेन पाटा असतो. त्याची दोन्ही टोकं गोल वळवून शॅसीला अडकवलेली असतात. त्याखालचा पाटा थोडा आखूड, त्याखालचा आणखी आखूड, आणि सर्वांत खालचा जेमतेम हातभर. आखूड पाट्यांमुळे पोलाद वाचतं, एवढंच कारण असेल असं वाटतं. पोलाद वाचतंच, पण खरं कारण त्याहून सुंदर आहे.

एक माप धरून बोलू. दोन आधारांमधलं उपयोगी अंतर १२०० मिमी, पाटे १०, प्रत्येक ७५ मिमी रुंद आणि १० मिमी जाड. मध्यावर चाकांना जोडणारा आस २०,००० न्यूटनचा जोर लावतो, म्हणजे साधारण दोन टनांचा भार. आपल्याला दोनच गोष्टी शोधायच्या आहेत: पोलादात ताण किती येतो, आणि पाटे मध्यापाशी किती दबतात.

आधी समजा, पाट्यांऐवजी ७५ मिमी रुंद आणि १०० मिमी जाड असा एकच ठोकळा बसवला. ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो आणि दबणं घनाच्या प्रमाणात, त्यामुळे हा ठोकळा अर्धा मिलिमीटर लवतो न लवतो. खड्ड्याचा हादरा जसाच्या तसा शॅसीला बसेल. बरं, ठोकळा पातळ करत नेला, तर सुमारे ३२ मिमी जाडीला ताण पाट्यांइतका होतो. तरी हा दांडा दबतो फक्त १८ मिमी. त्याहून पातळ केला, तर ताण पाट्यांच्याही वर चढतो. पोलादाचा पातळ थर जास्त वाकू शकतो, म्हणून जाडी वाटून घेऊन थर एकमेकांवर घसरू द्यायचे. पाट्यांचं पहिलं काम हे.

दुसरं काम लांबीचं आहे. मध्यावर भार आणि दोन टोकांना आधार असला, की वाकवणारा जोर मध्यावर सर्वाधिक असतो आणि टोकांकडे सरळ रेषेत शून्यापर्यंत उतरतो. दहाही पाटे पूर्ण लांबीचे ठेवले, तर टोकांकडचं पोलाद जवळपास रिकामं बसून राहतं. म्हणून अशी कल्पना करा की १० मिमी जाडीचा एक मोठा पत्रा शंकरपाळ्याच्या आकारात कापला आहे. मध्यावर त्याची रुंदी १० × ७५, म्हणजे ७५० मिमी, आणि दोन्ही टोकांना निमुळता होऊन शून्य. जिथे जोर जास्त तिथे रुंदी जास्त, आणि त्याच प्रमाणात. त्यामुळे ताण सगळीकडे सारखाच. आता मधून ७५ मिमीची पट्टी कापून काढा. हा मेन पाटा. तिच्या दोन्ही बाजूंच्या साडेसदतीस मिलिमीटरच्या पट्ट्या जोडा; हा दुसरा पाटा, आपोआप आखूड. असंच शेवटपर्यंत कापून एकाखाली एक रचलं, की पाट्यांची उतरती चळत तयार.

मध्यावरचा एकूण भार `W`, अंतर `l`, पाट्यांची संख्या `n`, रुंदी `b`, जाडी `t` आणि पोलादाचा लवचिकता गुणांक `E` धरला, तर:

```
σ = 3Wl / (2nbt²)
δ = 3Wl³ / (8Enbt³)
```

`σ` म्हणजे ताण, `δ` म्हणजे मध्यावरचं दबणं. `E` दोन लाख मेगापास्कल धरून आपल्या पाट्यांचा ताण येतो ४८० मेगापास्कल, आणि दबणं ८६.४ मिमी. दहाही पाटे पूर्ण लांबीचे ठेवले असते, तर मध्यावरचा ताण हाच राहिला असता, पण दबणं ५७.६ मिमीच. म्हणजे निम्मं पोलाद काढून टाकलं आणि तेवढ्याच ताणात स्प्रिंग दीडपट दबायला लागली. यंत्रशास्त्रात इतका स्वच्छ फायदा क्वचितच पदरात पडतो.

दुसरं सूत्र पाठ करायची गरज नाही. ते वर्तुळातून निघतं. ताण सगळीकडे सारखा, जाडी सारखी, म्हणजे वाकही सगळीकडे सारखा. सारखा वाक म्हणजे वर्तुळाचा कंस. त्याची त्रिज्या `Et/2σ`, आपल्या उदाहरणात सुमारे २०८३ मिमी. या वर्तुळात १२०० मिमीची जीवा काढली, की कंसाची उंची `l²/8R` भरते, तीही ८६.४ मिमी. म्हणूनच पाटे आधीच कमानीसारखे वळवतात, टोकं वर आणि मध्य खाली. ही कमान ८६ मिमी उंच असेल, तर पूर्ण भाराखाली पाटे जवळपास सरळ होतात.

खऱ्या ट्रकमध्ये मात्र शंकरपाळ्याची टोकं शून्यापर्यंत निमुळती करता येत नाहीत. मेन पाट्याच्या टोकांना वळवलेला डोळा असतो, त्यातून सगळा भार जातो. त्यामुळे वरचे एक-दोन पाटे पूर्ण रुंदीने शेवटपर्यंत न्यावे लागतात. असे दोन पाटे शेवटपर्यंत रुंदच ठेवले, तर ते बाकीच्यांपेक्षा ताठ ठरतात आणि जास्त भार ओढून घेतात. हिशेबाने त्यांच्यात ६५४ मेगापास्कल ताण येतो, खालच्या आठांत ४३६, बरोबर दीडपट. मेन पाटा तुटला की आस जागेवर धरणारं काही राहत नाही, म्हणून नेमका त्याच्यावरच जास्त ताण पडणं धोक्याचं.

यावरचा उपाय पाटे जुळवतानाच केला जातो. वरच्या लांब पाट्यांना थोडी कमी कमान देतात, खालच्यांना जास्त. सुटे रचले, तर मध्यापाशी फट राहते. सगळ्या पाट्यांच्या मधल्या भोकातून जाणारा सेंटर बोल्ट आवळून ती मिटवली, की लांब पाटे भार येण्याआधीच उलट्या दिशेने वाकलेले असतात. मग भार आला, की आधी हा उलटा वाक फेडला जातो. आपल्या मापांसाठी ही फट २८.८ मिमी ठेवली, तर पूर्ण भाराला दहाही पाट्यांत ताण सारखा, पुन्हा ४८० वर येतो. जोडणारे बहुतेकदा मेन पाट्यावर त्याहूनही कमी ताण राहील असं पाहतात, आणि मला ते योग्य वाटतं. डोळ्यावर ब्रेकचे आणि वळणाचे जोरही येतात, जे या सूत्रांत नाहीतच.

सूत्रांच्या मर्यादा आणखीही आहेत. पाटे एकमेकांवर घासतात, त्यामुळे भार वाढताना स्प्रिंग हिशेबापेक्षा थोडी कमी दबते, आणि भार काढताना उशिरा सुटते. गंजलेल्या चळतीत हा फरक मोठा होतो. गाडी रिकामी असताना दगडासारखी आदळते. पाट्यांमध्ये ग्रॅफाइटचं ग्रीस भरायचं कारण हेच. शिवाय, पाटे आसाला बांधणाऱ्या यू बोल्टांमधला भाग घट्ट आवळलेला असल्याने तो वाकत नाही. म्हणून डोळा ते डोळा मोजलेल्या लांबीतून बोल्टांमधल्या अंतराचा दोन तृतीयांश भाग वजा करतात. १२८० मिमी लांबी आणि १२० मिमी अंतर असेल, तर उपयोगी लांबी १२०० मिमी धरतात.

पाटा कुठे तुटला हे पाहिलं, की दोष बऱ्याचदा ओळखता येतो. भाराने कमान सरळ होताना प्रत्येक पाट्याचा वरचा पृष्ठभाग ताणला जातो, म्हणून भेग तिथूनच सुरू होते. यू बोल्ट घट्ट असतील, तर सेंटर बोल्टच्या भोकापाशी पाटा जवळपास वाकतच नाही. ते ढिले पडले, की सर्वाधिक वाकवणारा जोर नेमका भोकापाशी येतो, जिथे रुंदीही कमी आणि भोकाच्या कडेला ताणही साचलेला. म्हणून पाटा भोकातून आडवा तुटलेला दिसला, तर नवीन पाटा टाकण्याआधी यू बोल्टाचे आटे आणि नट तपासावेत. नाहीतर नवा पाटाही त्याच जागी तुटेल. बोल्टाच्या बाहेर तुटलेला असेल, तर संशय जास्तीच्या भाराकडे किंवा पृष्ठभागावरच्या गंजाच्या खड्ड्याकडे जातो.

भार वाढला, की अकरावा पाटा टाकून घेणारे बरेच आहेत. ताण ४८० वरून ४३६ वर येतो, दबणं ७८.५ मिमी होतं. पण त्याच चळतीत १० मिमीऐवजी १२ मिमीचा पाटा घातला, तर हिशेब बदलतो. वाक सगळ्यांचा सारखाच असल्याने जाड पाट्यात ताण जाडीच्या प्रमाणात, म्हणजे इतरांच्या एक पूर्णांक दोन दशांश पट येतो, आणि मदतीला घातलेला तो जाड पाटाच बहुतेकदा आधी तुटतो.