घाटात पेटलेला दिवा आणि नॉक सेन्सरचा कान

चिपळूणहून कऱ्हाडला जायचं तर कुंभार्ली घाट चढावा लागतो. घाटाच्या अलीकडे एका पंपावर मी जवळजवळ रिकाम्या टाकीत पंधरा लिटर पेट्रोल भरलं. सपाटीवर गाडी नीट चालली. चढ लागला, तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला आणि पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तशी बारीक कटकट ऐकू आली. दोन-तीन सेकंदांत ती कमी झाली, पण तिच्याबरोबर पिकअपही गेला. अर्ध्या घाटात चहासाठी थांबलो, पुन्हा चढाला लागलो आणि थोड्याच वेळात चेक इंजिनचा पिवळा दिवा पेटला.

कऱ्हाडच्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तेव्हा P0326 हा कोड आला. "सेन्सर गेलाय सर, नवा टाकू?" मेकॅनिकनं विचारलं. कोडच्या वर्णनात नॉक सेन्सरचं नाव असतं, त्यामुळे असं वाटणं साहजिक आहे. पण हा कोड एवढंच सांगतो की सेन्सरकडून येणारा सिग्नल अपेक्षित मर्यादेत बसत नाही. सेन्सर बिघडला तरी असं होतं, आणि काही गाड्यांत इंजिन खरोखरच सतत नॉकिंग, म्हणजे तशी कटकट करत असलं तरी हाच कोड येतो.

स्पार्क पडल्यावर ज्योत सिलिंडरमध्ये एका बाजूनं पसरत जाते. तिच्या पुढचं, अजून न जळलेलं मिश्रण दाबलं जातं आणि तापतं. पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे आपोआप न पेटता टिकून राहण्याची क्षमता, कमी असेल तर ज्योत पोहोचण्याआधीच ते मिश्रण आपोआप, एकदम पेटतं. त्या धक्क्यानं दाबाच्या लहरी सिलिंडरच्या भिंतींवर आपटू लागतात. साधारण ७३ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये त्या सेकंदाला सात-साडेसात हजार वेळा कंप पावतात. मला ऐकू आलेली कटकट हीच.

नॉक सेन्सर इंजिन ब्लॉकवर बोल्टनं आवळलेला असतो. त्याच्या आत दाब पडला की वीज निर्माण करणारी चकती असते, आणि ब्लॉकचा कंप तिच्यातून विजेच्या रूपात ईसीयूकडे, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाकडे जातो. इंजिनात वाल्वचे, पिस्टनचे असे कितीतरी आवाज चालू असतात. म्हणून ईसीयू प्रत्येक सिलिंडरच्या ज्वलनानंतरचा छोटासा काळच ऐकतो आणि त्यातही नॉकिंगच्या ठरावीक कंपसंख्येकडे लक्ष देतो. ही युक्ती मला फार आवडते. नॉकिंग सापडलं की तो स्पार्क दोन-तीन अंशांनी उशिरा टाकतो, तेवढ्यानं थांबलं नाही तर आणखी उशिरा. नंतर मात्र स्पार्क हळूहळू, चाचपत पूर्वीच्या जागी आणतो. घाटात कटकट कमी झाली आणि पिकअप पडला, ही दोन्ही कामं याच दुरुस्तीची.

या दुरुस्तीला मर्यादा असते. स्पार्क एका हद्दीपलीकडे उशिरा नेता येत नाही, कारण एक्झॉस्ट जास्त तापतो. तरीही नॉकिंग चालूच राहिलं, तर ईसीयू दोष नोंदवू शकतो. अनेक दोषांच्या बाबतीत तो लगेच दिवा लावत नाही. गाडी बंद करून पुन्हा चालवल्यावरही तेच दिसलं तर लावतो. माझा दिवा चहानंतर लागला, त्याचं कारण बहुधा हेच असावं.

मी सेन्सर बदलू दिला नाही. दोष नोंदला त्या क्षणाची स्थिती ईसीयूनं जपलेली होती: २४०० आरपीएम, भार ८५ टक्के. सुट्या वायरचा दोष असता तर तो जोराच्या चढाशिवाय इतर वेळीही नोंदला जाऊ शकला असता. मग स्कॅनर लावूनच गाडी जवळच्या चढावर नेली. तेवढ्याच आरपीएमला आणि भाराला स्पार्क पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या अवघे ५ अंश आधी पडत होता. परत येऊन टाकीतल्या पेट्रोलचा एक थेंब फिल्टर पेपरवर टाकला. चांगलं पेट्रोल दोनेक मिनिटांत डाग न ठेवता उडून जातं. इथे तेलकट कडा मागे राहिली. रॉकेलसारखं जड तेल मिसळलेलं असलं की असं होतं, आणि रॉकेलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा खूपच कमी असतो.

टाकी रिकामी करून चांगलं पेट्रोल भरलं, कोड पुसला आणि त्याच चढावर पुन्हा गेलो. सुरुवातीला आकडा ७ होता, कारण ईसीयूला आधीची दुरुस्ती आठवत होती. वीसेक किलोमीटर चालवल्यावर तो १४ वर आला. सेन्सर तोच होता.

पाणी मिसळलेल्या पेट्रोलचं लक्षण वेगळं असतं. पाणी टाकीच्या तळाशी, गाडीच्या इंधन पंपाच्या तोंडाशीच बसतं. त्यामुळे गाडी पेट्रोल पंपापासून फार लांब जायच्या आत, सपाटीवरही झटके देते आणि दिवा लुकलुकतो. मिश्रण पेटतच नसल्यामुळे इथे स्पार्क मागेपुढे करून काही साधत नाही. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि तो खराब होतो. तेव्हा लुकलुकणारा दिवा दिसला की गाडी कडेला घेऊन बंद करावी आणि टो करूनच गॅरेजला न्यावी.