पुढे ४ कॉल असतील तर आमची सिस्टिम २७ मिनिटं का सांगते?

नमस्कार. ज्यांच्या हेल्पलाइनवर एकच माणूस फोन घेतो आणि आमची क्यू अनाउन्समेंट बसवलेली आहे, त्यांच्याकडून दर आठवड्याला हा प्रश्न येतोच म्हणून एकदा लिहूनच ठेवतोय. एक कॉल सरासरी ४ मिनिटांचा, नवीन फोन करणाऱ्याच्या पुढे ४ जण (एक बोलतोय, तीन रांगेत), मग चार चोक सोळा, तुमची सिस्टिम २७ कुठून काढते?

१६ ही सरासरी म्हणून बरोबरच आहे. पण १६ सांगून ठेवलं तर १०० पैकी साधारण ४३ जणांना त्याहून जास्त थांबावं लागतं, आणि तेच मग चिडून फोन ठेवतात नि परत लावतात. म्हणून आम्ही असा आकडा सांगतो की १०० पैकी ९० जणांचा नंबर त्याच्या आत लागेल.

आता जी चूक सगळ्यात जास्त होते ती. काही जण सरासरी सोडून एका कॉलचा ९० टक्क्यांचा आकडा काढतात, तो ९.२ मिनिटं येतो, मग त्याला ४ ने गुणून ३६.८ करतात आणि सेटिंगमध्ये स्वतःच टाकतात. मग तक्रार येते की लोक अनाउन्समेंट ऐकूनच फोन कट करतायत, आणि आमचा माणूस अर्धा दिवस लाइन तपासत बसतो, शेवटी सापडतो तो हा गुणाकार. सरासऱ्यांची बेरीज चालते, ९० टक्क्यांच्या आकड्यांची नाही चालत. ३६.८ व्हायला सगळेच कॉल लांबायला हवेत, आणि ते एकमेकांशी संबंध नसलेले चार वेगळे लोक आहेत, एक लांबला तर दुसरा दीड मिनिटात आटपतो. खरं गणित केलं तर ३६.८ च्या वर जेमतेम २ टक्के लोक जातात. स्टँडर्ड डेव्हिएशनचंही तसंच, एका कॉलचं ४ मिनिटं असेल तर चारांचं १६ नाही, ८ होतं, कारण बेरीज वर्गांची होते.

कॉलची लांबी एक्स्पोनेन्शियल असेल तर छोटे कॉल भरपूर आणि लांबलेले कमी कमी होत जातात, पण अशा स्वतंत्र कॉलची बेरीज एक्स्पोनेन्शियल राहत नाही, गॅमा होते. दोन कॉल मिळून t मिनिटं घ्या, λ म्हणजे मिनिटाचा दर, इथे १/४ म्हणजे ०.२५. पहिला s चा, दुसरा उरलेल्या t−s चा, आणि दोन्हींचा गुणाकार e^(−λs) · e^(−λ(t−s)) म्हणजे e^(−λt) च, s कुठेही असला तरी. मग t ची वाटणी जितक्या ठिकाणी करता येते तितकं वजन वाढतं, म्हणून समोर एक t लागतो. चार कॉलना t³ लागतो. त्यामुळेच चारही जण दोन मिनिटांत संपले असं जवळजवळ कधी होत नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांगने फोनच्या रांगांचं गणित शंभरेक वर्षांपूर्वी मांडलं, म्हणून पूर्ण संख्येच्या गॅमाला एर्लांग वितरणही म्हणतात. एक्सेलमध्ये स्वतः बघा:

```
=GAMMA.INV(0.9,4,4)
```

उत्तर २६.७. पहिला ४ म्हणजे पुढचे कॉल, दुसरा म्हणजे सरासरी मिनिटं. इथे ०.२५ टाकू नका. `EXPON.DIST` ला मिनिटाचा दर लागतो, गॅमाला सरासरी लागते, आणि ०.२५ टाकलंत तर उत्तर पावणेदोन मिनिटांच्या आत येईल.

अजून एक विचारतात, जो आत्ता बोलतोय त्याची ३ मिनिटं झालीत, मग त्याचं १ च मिनिट उरलं ना? नाही. एक्स्पोनेन्शियलमध्ये झालेला वेळ धरत नाहीत, त्याचीही अजून सरासरी ४ च मिनिटं बाकी, म्हणून तो पूर्ण एक कॉल मोजतो.

हे कुठे बिघडतं तेही सांगतो, कारण २७ हा आकडा प्रत्येक हेल्पलाइनला बसत नाही. कॉल लॉगमधून सरासरी आणि स्टँडर्ड डेव्हिएशन काढा, दोन्ही जवळपास सारखे आले तर ठीक. प्रत्येक कॉलला सुरुवातीची दोन मिनिटं पत्ता नि बिल नंबर विचारण्यातच जात असतील तर डेव्हिएशन कमी येतं आणि २७ जास्त होतात. उलट डेव्हिएशन मोठं आलं तर बहुधा चौकशी आणि तक्रार अशा दोन प्रकारचे कॉल मिसळलेत, तिथे २७ कमी पडतील. आणि सर्व्हर स्लो असला की त्या तासातले सगळेच कॉल लांबतात, लॉगमध्ये लांब कॉल ओळीने दिसतात, मग ते स्वतंत्र राहिलेच नाहीत आणि हे गणित त्या तासाला लावू नये.

सेटिंग स्वतः बदलण्याआधी निदान महिन्याभराचा लॉग आम्हाला पाठवा, तपासून आकडा बसवून देतो, एएमसी असलेल्यांकडून याचे वेगळे पैसे घेत नाही. दुसरा माणूस बसवणार असाल तर तेही आधी कळवा, दोघं सारख्याच वेगाने काम करत असतील आणि नवीन फोन करणाऱ्याला चार कॉल संपायची वाट बघायची असेल तर दुसरा आकडा ४ चा २ होतो आणि २७ ऐवजी साडेतेरा मिनिटांच्या आत नंबर लागतो.