धुरक्यात ऊन नेमकं कुठे हरवतं?

आकाशात ढगाचा ठिपका नाही, भर दुपार आहे, आणि तरीही इन्व्हर्टरवरचा आकडा पावसानंतरच्या स्वच्छ दिवसांत दिसायचा तेवढा वर चढत नाही. छपरावर सोलर बसवलेल्या माणसाची पहिली शंका पॅनेलवरच्या धुळीवर जाते आणि तो बादली-फडकं घेऊन वर चढतो. कधी कधी त्याचं बरोबरही असतं. पण मोठ्या शहरात उन्हाची वाट अडवणारे कण काचेवर बसलेले असतात तसेच काचेच्या वरच्या हवेतही तरंगत असतात, आणि तिथपर्यंत कुठलंच फडकं पोचत नाही.

हे तरंगणारे कण दोन प्रकारे काम करतात. सल्फेट, नायट्रेट असे फिकट कण प्रकाश विखुरतात, म्हणजे किरणाची दिशा बदलतात. काजळी मात्र प्रकाश गिळून टाकते आणि त्याची उष्णता करते. यात सगळ्यात कामाचे, किंवा त्रासाचे म्हणा, अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचे बारीक कण. त्यांचा आकार दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळ असल्यामुळे तेवढ्याच वजनाच्या जाड धुळीपेक्षा ते कितीतरी जास्त प्रकाश अडवतात.

जमिनीपासून वातावरणाच्या माथ्यापर्यंतच्या हवेत हे कण मिळून किती आडवे येतात, ते मोजायला शास्त्रज्ञ ‘प्रकाशीय जाडी’ नावाचं माप वापरतात. बऱ्यापैकी स्वच्छ हवेत ते 0.2 धरू आणि दाट धुरक्यात 0.8. सूर्य थेट डोक्यावर असताना पहिल्या हवेतून 82 टक्के थेट किरण कणांना चुकवून खाली येतात, दुसरीतून 45 टक्के. सूर्य क्षितिजापासून 30 अंशांवर असेल तर किरणांना हवेतला रस्ता दुप्पट लांब पडतो. मग हेच आकडे 67 आणि 20 होतात. धुरक्यात सकाळची सावली कडा हरवल्यासारखी पुसट का दिसते, ते यातून कळतं.

पण 45 टक्के म्हणजे वीज निम्म्याहून खाली गेली, असं नाही. विखुरलेल्या प्रकाशाचा बराच भाग पुढच्याच दिशेला, म्हणजे जमिनीकडे येतो. फक्त तो सूर्याच्या गोळ्यातून येण्याऐवजी पांढुरक्या झालेल्या आकाशातून येतो. सपाट पॅनेलला दिशेचं फारसं सोयरसुतक नसतं, ते तोही टिपतं. कायमचा हातचा जातो तो काजळीनं गिळलेला आणि परत अवकाशात परावर्तित झालेला प्रकाश. आरशांनी ऊन एका जागी गोळा करणाऱ्या सौर प्रकल्पांना मात्र ही सवलत नाही. त्यांना फक्त थेट किरणच चालतात, म्हणून त्यांचं नुकसान पूर्ण बसतं.

वर्षाकाठी हे किती होतं, याचा एक चांगला मोजलेला आकडा दिल्लीचा आहे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिल्ली आणि सिंगापूरमधली उन्हाची दीर्घकाळची नोंद आणि हवेतल्या पीएम 2.5 ची नोंद एकमेकींशी ताडून पाहिली होती. 2016 ते 2017 या काळात सिलिकॉन पॅनेलपर्यंत पोचणारं ऊन प्रदूषणामुळे सुमारे 11.5 टक्क्यांनी घटलं होतं, म्हणजे दर चौरस मीटरमागे वर्षाला 200 युनिट. त्याच रीतीनं काढलेला अंदाज बीजिंगसाठी 9.1 टक्के आणि सिंगापूरसाठी 2 टक्के आला. पुढे 2020 च्या टाळेबंदीत उलटा प्रयोग आपोआप घडला. मार्चच्या शेवटी दिल्लीत पॅनेलवर पडणारं ऊन आधीच्या वर्षांच्या तुलनेत सुमारे 8 टक्क्यांनी वाढलेलं आढळलं.

समजा, तीन किलोवॉटचा संच स्वच्छ हवेत वर्षाला 4500 युनिट देतो. साडेअकरा टक्के गेले म्हणजे साधारण 520 युनिट, जवळपास दीड महिन्याची वीज. ही घट बाराही महिने सारखी वाटलेली नसते. हिवाळ्यात धुरकं दाट असतं आणि सूर्यही खाली असतो, म्हणून टक्केवारी तेव्हा फुगते. पण दिवस लहान असल्यानं वर्षाच्या विजेत त्या महिन्यांचा वाटाही लहानच असतो. त्यामुळे सगळ्यात वाईट आठवड्याचा आकडा बावन्नने गुणून वर्षाचं नुकसान काढणं चुकीचं.

इथे मोबाइलवरचा हवेचा निर्देशांकही फसवू शकतो. तो नाकाच्या उंचीवरची हवा सांगतो, पॅनेलला मात्र वरची अख्खी थप्पी लागते. थंड रात्रीनंतर सकाळी कण जमिनीलगतच्या पातळ थरात कोंडलेले असतात. दुपारी तोच माल वर पसरतो, निर्देशांक उतरतो, पण वरून येणाऱ्या किरणाला वाटेत भेटणारे कण तेवढेच राहतात. दुसरी गोष्ट दमटपणाची. सल्फेट-नायट्रेटचे कण ओलसर हवेत पाणी शोषून फुगतात आणि जास्त प्रकाश विखुरतात. मोजणी यंत्रं बहुधा हवा कोरडी करून कण मोजतात, म्हणून दोन दिवसांचा पीएम 2.5 सारखा असूनही दमट दिवशीचं ऊन फिकं असू शकतं.

मग चोर हवेत आहे की काचेवर, हे ओळखायचं कसं? इन्व्हर्टरची दिवसभराची रेघ पाहावी. एखाद्या स्वच्छ, निरभ्र दिवशी हा तीन किलोवॉटचा संच दुपारी 2.2 किलोवॉट आणि सकाळी सूर्य 20 अंशांवर असताना 0.9 किलोवॉट देतो असं धरू. काही दिवसांनी, तितक्याच निरभ्र आकाशाखाली, दुपारी 1.9 आणि सकाळी 0.68 दिसतात. दुपारची घट 14 टक्क्यांच्या आसपास, सकाळची 24. काचेवरच्या धुळीचा थर दोन्ही वेळी साधारण सारखाच वाटा कापतो. सकाळ-संध्याकाळचे खांदे जास्त खचले असतील तर तो हवेतल्या लांबलेल्या वाटेचा परिणाम. तिरप्या किरणांना काचेवरची धूळही थोडी जास्त अडवते, म्हणून थोड्या फरकावरून निवाडा करू नये. इन्व्हर्टर पॅनेलपेक्षा लहान क्षमतेचा असेल तर दुपारचा माथा त्याच्या मर्यादेनंच कापला जातो आणि दुपारची घट दिसतच नाही.

सगळ्यात मोठा घोळ पाऊस घालतो. सरीनंतर वीज एकदम वाढते, पण पावसानं हवा धुतली, काच धुतली आणि पॅनेल थंडही केलं. सिलिकॉन पॅनेल दहा अंशांनी थंड झालं तर तेवढ्यानंच वीज साधारण चार टक्क्यांनी वाढते. तिन्हींचं श्रेय एकाच वाढीत मिसळून जातं. त्यामुळे खरी चाचणी पाऊस नसतानाच घ्यावी. धुरकं तसंच असताना पॅनेल संध्याकाळी, थंड झाल्यावर धुवायचं आणि दुसऱ्या निरभ्र दुपारचा आकडा आदल्या दुपारशी ताडायचा. जेवढं परत आलं तेवढं काचेवर होतं. स्वच्छ दिवसाच्या आकड्यापर्यंत पोचायला जे अजून कमी पडतं, ते बहुतेक वरच्या हवेत आहे.

काचेवरचा वाटाही नुसत्या मातीचा नसतो. गांधीनगरच्या आयआयटीतल्या पॅनेलवरून काढलेल्या थरात वजनानं 92 टक्के धूळच निघाली. पण उरलेले कारखाने, वाहनं आणि जाळपोळीतून आलेले बारीक कण त्यांच्या वजनाच्या मानानं खूप जास्त प्रकाश अडवतात, आणि काचेला चिकटतातही घट्ट. तिथे काही आठवड्यांनी पॅनेल साफ केल्यावर वीज दर वेळी सुमारे 50 टक्क्यांनी वाढत होती.