पोहण्याआधी दोन लिटरांचा हिशेब

मोठेपणी पोहायला शिकणारी बरीच माणसं पाण्यात उतरल्या उतरल्या हातपाय मारायला लागतात, आणि दहा-बारा फुटांतच धापा टाकत कठडा पकडतात. दम कमी पडला, असं त्यांना वाटतं. बहुतेक वेळा अडचण दमाची नसतेच. अंगाला तरंगायचं कसं आणि त्या अवस्थेत श्वास घ्यायचा कसा, हे हातपाय हलवण्याआधीच शिकायला हवं होतं. त्यामागचं गणित सोपं आहे.

सत्तर किलो वजनाचा, मध्यम बांध्याचा पुरुष घेऊ. त्याने छाती पूर्ण भरून घेतली की त्याच्या शरीराचं आकारमान अंदाजे 72 लिटर होतं. आर्किमिडीजच्या नियमानुसार सत्तर किलोच्या माणसाला तरंगायला सत्तर लिटर गोडं पाणी बाजूला सारावं लागतं. म्हणजे 72 पैकी 70 लिटर शरीर पाण्याखाली राहणार आणि फक्त दोन लिटर वर. नवशिक्याचं सगळं भवितव्य या दोन लिटरांत आहे.

आता डोक्याचं बघा. डोक्याचं आकारमान साधारण चार-साडेचार लिटर असतं. घाबरलेला माणूस काय करतो, तर अख्खं डोकं पाण्याबाहेर काढायला बघतो. पाणी त्याला दोन लिटरच वर ठेवू देतं. उरलेल्या दोन-अडीच लिटरांचा, म्हणजे तितक्याच किलोंचा भार हातपाय सतत झाडून पेलावा लागतो. तो फार वेळ पेलत नाही. उलट पाठीवर झोपून कान पाण्यात जाऊ दिले, तर तेच दोन लिटर चेहरा आणि छातीच्या वरच्या भागात वाटले जातात आणि नाक-तोंड आपोआप वर राहतं. म्हणून पाठीवर तरंगताना पहिली सूचना असते: कान बुडवा, छताकडे बघा. हनुवटी छातीकडे ओढली की माणूस कमरेत वाकतो, कंबर खाली जाते आणि तोंडावर पाणी येतं.

गावाकडे विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला हवाबंद डबा किंवा सुका भोपळा बांधायची पद्धत आहे. पाच लिटरचा डबा स्वतःचं वजन वजा जाता साडेचार किलोंच्या आसपास भार उचलतो. म्हणजे डोकं वर काढण्याचा सगळा खर्च डबाच भागवतो. त्यामुळे मूल मान वर ठेवूनच पोहायला शिकतं, आणि डबा सोडला की गडबडतं. डब्याला माझा विरोध नाही, कितीतरी पिढ्या त्यावर पोहायला शिकल्या. पण आपल्या छातीतही एक डबा आहे, हे मोठ्या माणसाला आधी कळलं तर पुढचं पुष्कळ सोपं होतं.

छातीतल्या या डब्याची अडचण अशी, की तो दर श्वासाला लहानमोठा होतो. आपल्या माणसाच्या फुप्फुसांत पूर्ण भरल्यावर सहा लिटरच्या आसपास हवा मावते. जमिनीवर निवांत बसलेला असताना श्वास सोडल्यावर आत जेमतेम अडीच लिटर उरते, आणि प्रत्येक श्वासाला अर्धाच लिटर आत-बाहेर होते. पाण्यात त्याने असाच श्वास चालू ठेवला, तर छाती भरलेली असतानाच्या तुलनेत आकारमान तीन-साडेतीन लिटरने कमी होतं. 72 चे झाले साडेअडुसष्ट. आता तो तरंगणार नाही, सावकाश खाली जाईल. “मी पाठीवर पडलो होतो, मग बुडायला का लागलो?” या प्रश्नाचं उत्तर बहुधा इथेच असतं.

उपाय म्हणजे श्वास वरच्या टप्प्यात घ्यायचा. आधी छाती भरून घ्यायची, मग त्यातला अर्धा लिटरच सोडायचा आणि लगेच परत भरायचा. त्या क्षणी दोन लिटरांऐवजी दीड लिटर वर असतं, चेहरा थोडासा खाली जातो आणि श्वास घेताच पुन्हा वर येतो. हे चढउतार म्हणजे बुडणं नव्हे, हे अंगाला समजायला काही दिवस लागतात.

याची खात्री करून घ्यायला एक छान प्रयोग आहे. छातीइतक्या पाण्यात, प्रशिक्षक शेजारी असताना, छाती भरून गुडघे पोटाशी घ्या आणि डोकं पाण्यात घाला. तळाला बसायचा कितीही प्रयत्न केला तरी पाठ वर येते. मग उभं राहून दम घ्या, आणि दुसऱ्या वेळी बुडबुडे सोडत सगळी हवा बाहेर काढा. आता शरीर तळाकडे जातं. फरक फक्त हवेचा आहे, हे एकदा अनुभवलं की भीतीचा मोठा भाग कमी होतो.

त्याआधी मात्र उभं राहायला शिकायचं. पोटावर तरंगताना गुडघे पोटाशी ओढायचे, दोन्ही तळहातांनी पाणी खाली दाबायचं, पाय तळाला टेकले की मगच डोकं उचलायचं. नवशिके हे उलटं करतात: आधी डोकं वर काढतात, पाय मागेच राहतात आणि माणूस धडपडतो. पाठीवरून उठताना गुडघे वर, हनुवटी छातीकडे आणि हातांनी पाणी मागून पुढे आणायचं.

श्वासातली दुसरी चूक जास्त फसवी आहे. चेहरा पाण्यात असताना माणूस श्वास घट्ट धरून ठेवतो. वर आल्यावर त्याला क्षणभरात जुनी हवा सोडून नवी घ्यायची असते, आणि दोन्ही अर्धवटच होतं. चार-पाच वेळा असं झालं की जीव गुदमरतो. रक्तातला ऑक्सिजन संपलेला नसतो. श्वास घ्यायची निकड मुख्यतः साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे निर्माण होते, आणि तो बाहेर टाकायला वेळच मिळालेला नसतो. म्हणून कठडा धरून, उभ्यानेच, नाकातोंडाने हळूहळू बुडबुडे सोडायचा सराव करायचा. वर येताना हवा सोडून झालेली हवी, म्हणजे वर फक्त तोंडाने आत घ्यायचं राहतं. गाल फुगलेले दिसले किंवा बुडबुडे शेवटी एकदम फुटले, तर श्वास अजून धरलेला आहे असं समजावं. नाकात पाणी जात असेल तर “हं” असा आवाज करत राहावं, नाकातून हवा बाहेर येत असते तोवर पाणी आत शिरत नाही.

एक गोष्ट कधीही करू नये: जास्त वेळ पाण्याखाली राहण्यासाठी आधी भराभर खोल श्वास घेणं. त्याने कार्बन डायऑक्साइड फार कमी होतो, श्वास घ्यायची सूचनाच उशिरा येते आणि माणूस पाण्यातच बेशुद्ध पडू शकतो.

सगळ्यांचं शरीर सारखं तरंगत नाही, हेही खरं. चरबी पाण्यापेक्षा हलकी, स्नायू आणि हाडं जड. हवा छातीत असल्यामुळे पाण्याचा उचल छातीपाशी जास्त, तर शरीराचा भार बेंबीच्या खालच्या बाजूला. हा सी-सॉ सडपातळ, पिळदार पायांच्या माणसात पायांकडे झुकतो. त्याचे पाय खाली गेले तर ती चूक नाही. हात डोक्यामागे लांब केले की भार थोडा वर सरकतो आणि पाय काहीसे उचलले जातात. काही मोजकी माणसं छाती भरूनही बुडतात, त्यांना तळहातांची हलकी हालचाल लागतेच. समुद्राचं पाणी जड असल्याने आपल्या सत्तर किलोंच्या माणसाचे तिथे दोनऐवजी साडेतीन लिटरहून जास्त वर राहतील, पण लाटा आणि ओढ यामुळे पहिले धडे तिथे नकोत.

पाठीवर मिनिटभर तरंगत प्रशिक्षकाशी दोन वाक्यं बोलता आली, धाप न लागता दहा-पंधरा वेळा बुडबुडे सोडून वर येता आलं आणि काही न धरता उभं राहता आलं, की हातपाय शिकायला हरकत नाही. फ्रीस्टाइलमध्ये श्वासासाठी डोकं उचलत नाहीत. अंगासोबत बाजूला वळवतात, एक कान पाण्यातच ठेवून. अर्धंच डोकं बाहेर, म्हणजे पुन्हा दोन लिटरांच्या आसपास.