दवाखान्यातले रेकॉर्ड बाहेर गेले: पेशंटना कळवायचं कसं, आणि पेशंटने करायचं काय

समजा, तालुक्याच्या गावातलं एक प्रसूतिगृह आहे. केसपेपर, सोनोग्राफीचे रिपोर्ट, आधारच्या झेरॉक्स आणि संमतीपत्रं स्कॅन करून एका ऑनलाइन फोल्डरमध्ये ठेवली होती. त्या फोल्डरची लिंक कोणालाही उघडता येत होती, हे शुक्रवारी रात्री ९ वाजता लक्षात आलं.

सगळ्यात आधी लिंक बंद करा, पण फोल्डर डिलीट करू नका आणि संगणक फॉरमॅट मारू नका. कोणी काय आणि कधी उघडलं याच्या नोंदी त्यातच असतात. घाबरून सगळं पुसलं, तर कोणत्या पेशंटला कळवायचं हेच ठरवता येत नाही.

घड्याळ त्याच क्षणी सुरू होतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत incident@cert-in.org.in वर कळवायचं असतं, म्हणजे शनिवारी पहाटे ३ पर्यंत. शनिवार-रविवारची सुटी इथे धरत नाहीत. पहिल्या मेलमध्ये सगळं नसलं तरी चालतं, हाताशी आहे ते पाठवावं.

पेशंटना कळवण्याचं बंधन डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मधून येतं. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये राजपत्रात आले. त्यातला कळवण्याविषयीचा नियम ७ अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतो. तेव्हापासून डेटा संरक्षण मंडळालाही लगेच कळवायचं आणि सविस्तर माहिती ७२ तासांत द्यायची. कळवण्यात कसूर झाली तर दंड २०० कोटींपर्यंत जाऊ शकतो. तोवर थांबायचं कारण नाही. पत्राचा मसुदा त्याच नियमाप्रमाणे करावा.

ज्यांची माहिती उघडी पडली त्या प्रत्येकाला कळवायचं. लहान मूल असेल तर आईवडिलांना. पत्रात पाच गोष्टी हव्यात: काय झालं आणि कधी, त्याचा पेशंटला काय त्रास होऊ शकतो, दवाखान्याने काय केलं, पेशंटने काय करावं आणि विचारायला कोणाला फोन करायचा.

चुका होतात त्या मजकुरात. घरात एकच मोबाइल असतो आणि मेसेज सासूबाई किंवा दीर आधी वाचतात. म्हणून मेसेजमध्ये आजार, तपासणी, विभाग यातलं काहीही लिहू नये. गर्भपात किंवा एचआयव्हीची नोंद असेल तर तपशील फक्त त्या व्यक्तीशी बोलून द्यावा. लिंकही देऊ नये, कारण दोनच दिवसांत भामटे तसाच मेसेज पाठवतात. एवढं पुरे:

«आमच्याकडील नोंदी ३ ते १४ तारखेदरम्यान बाहेरच्यांना दिसू शकत होत्या. त्यात आपलं नाव, मोबाइल आणि आधारची प्रत आहे. माहितीसाठी केसपेपरवरील क्रमांकावर फोन करा. आम्ही ओटीपी किंवा पैसे मागणार नाही.»

«काळजीचं कारण नाही» हे वाक्य मात्र टाळा. ते खरं आहे की नाही, हे त्या घडीला दवाखान्यालाही ठाऊक नसतं.

आता पेशंटची बाजू. आधी दवाखान्याला फोन करून विचारा की माझं नेमकं काय गेलं. पुढची पावलं त्यावर ठरतात.

आधारची प्रत आणि संमतीपत्रावरचा अंगठा दोन्ही गेले असतील, तर त्याच दिवशी आधारच्या अधिकृत ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करा. खरेदीखतांवरचे अंगठे उचलून नकली ठसे बनवायचे आणि आधारवरून बँकेतले पैसे काढायचे, असे गुन्हे देशात नोंदले गेले आहेत. लॉक असेल तर तो ठसा चालत नाही. रेशनला किंवा बँकेत अंगठा द्यायचा असेल तेव्हा तेवढ्यापुरता उघडता येतो. आधारला मोबाइल जोडलेला नसेल तर आधी आधार केंद्रावर जावं लागेल.

नुसती प्रत गेली असेल, तर sancharsaathi.gov.in वर आपल्या नावावर किती सिमकार्ड आहेत ते बघा. अनोळखी नंबर दिसला तर Not My Number निवडून कळवा. क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो. दोन-तीन महिन्यांनी तो काढून आपण न घेतलेलं कर्ज त्यात आहे का ते पाहा. पॉलिसी क्रमांक गेला असेल, तर विमा कंपनीकडून आपल्या नावावरच्या क्लेमची यादी मागवा.

पैसे गेलेच, तर आधी १९३० ला फोन, मग बँकेला. रिपोर्ट दाखवतो म्हणून कोणी धमकावत असेल तर पैसे देऊ नका. स्क्रीनशॉट ठेवा आणि cybercrime.gov.in वर तक्रार करा.

दवाखान्याविरुद्ध तक्रार आधी दवाखान्याकडेच लेखी द्यावी लागते. सोबत आलेल्या मेसेजची प्रत, केसपेपर आणि झालेल्या नुकसानीचा पुरावा जोडा आणि पोच घ्या. नियम लागू झाल्यावर उत्तरासाठी जास्तीत जास्त ९० दिवसांची मुदत असेल. त्यानंतर मंडळाकडे जाताना पहिल्यांदा हीच पोच दाखवावी लागेल.