जुन्या मालाची किमान विक्री किंमत

दुकानात पडून राहिलेला माल सूट देऊन काढून टाकताना ज्या किमतीच्या खाली गेल्यास विक्रेत्याला खोट बसते, ती किंमत. व्यापारी तिला 'मुद्दल सुटण्याचा भाव' म्हणतात. पण मुद्दल म्हणजे खरेदीच्या बिलावरचा आकडा नव्हे. माल दुकानात आणण्याचा, तो सांभाळण्याचा आणि शेवटी विकण्याचा खर्चही त्यात धरावा लागतो. शिवाय ही किंमत स्थिर नसते. माल जितके दिवस पडून राहतो तितकी ती वर चढते, आणि गिऱ्हाईक द्यायला तयार असलेला भाव त्याच काळात खाली येत असतो.

हिशेब कसा करतात ते स्वेटरच्या उदाहरणावरून पाहता येईल. नाशिकच्या एका दुकानदाराने ऑक्टोबरच्या सुरुवातीला लुधियानाहून 100 स्वेटर मागवले, असे धरू. जीएसटी वगळून नग 600 रुपयांना आला आणि गाडीभाडे, हमाली धरून 620 रुपयांना पडला. छापील किंमत 1,299 रुपये. जानेवारी संपली, थंडी ओसरली, आणि 40 नग उरले.

पैसा बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचा, व्याज महिना 1 टक्का. म्हणजे प्रत्येक नगावर महिन्याला 6.20 रुपये. स्वेटरच्या कप्प्यांनी अडवलेल्या जागेचे भाडे नगामागे महिना 6 रुपये. चार महिन्यांचे हे दोन्ही मिळून 48.80 रुपये होतात आणि नग 668.80 रुपयांवर जातो. त्यात पिशवीचे 5 रुपये आणि विक्रीवर सेल्समनचे 2 टक्के कमिशन. कमिशन विक्री किमतीवर असल्यामुळे ते नुसते मिळवून चालत नाही. 673.80 ला 0.98 ने भागावे लागते, तेव्हा 687.55 येतात. छापील किमतीत कर धरलेला असतो, म्हणून त्यावर 5 टक्के जीएसटी चढवला की किमान किंमत सुमारे 722 रुपये ठरते. छापील किमतीवर साधारण 44 टक्के सूट, त्याहून जास्त नाही.

चूक नेमकी इथे होते. 600 चा माल, 1,299 ची चिठ्ठी. निम्म्या किमतीला विकला तरी 649.50 मिळतात, म्हणजे मुद्दल सुटली, असे वाटते. प्रत्यक्षात त्यातून कर, कमिशन आणि पिशवी वजा जाता हातात 601 रुपये राहतात आणि नगामागे सुमारे 68 रुपयांची खोट बसते. 'एकावर एक फ्री' ही याच खड्ड्यात नेणारी पाटी. 'दोनवर एक फ्री' मात्र चालते, कारण नगाला 866 रुपये पडतात.

जागेचे भाडे धरावे की नाही, यावर दुकानदारांत मतभेद असतात. साधी कसोटी अशी, की त्या कप्प्यात दुसरा विकाऊ माल बसला असता तर भाडे धरावे. माल रिकाम्या माळ्यावर पडला असेल तर ते धरून हिशेब फुगवण्यात अर्थ नाही. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरणाऱ्या छोट्या दुकानदाराचे गणित आणखी वेगळे असते. त्याला खरेदीवरील कराचे क्रेडिट, म्हणजे विक्रीच्या करातून वजावट, मिळत नाही, म्हणून तो कर त्याच्या खरेदी किमतीतच धरावा लागतो. विक्रीवरचा करही तो बिलात वेगळा लावू शकत नाही, स्वतःच्या खिशातून भरतो.

हेच स्वेटर ऑक्टोबरअखेरपर्यंत ठेवले तर आणखी नऊ महिन्यांचे 109.80 रुपये चढतात आणि किमान किंमत 840 च्या घरात जाते. डांबरगोळ्या, कसर लागलेले नग, मागे पडलेले डिझाइन यांचा हिशेब निराळाच. चाळीसपैकी तीन नग खराब निघाले तर त्यांची किंमत उरलेल्या 37 वर पडते. खराब नग फेकून दिले किंवा कुणाला फुकट वाटले, तर त्यांच्यावर घेतलेले जीएसटीचे क्रेडिटही परत करावे लागते.

तरीही किमान किमतीखाली विकणे दरवेळी चूकच असते असे नाही. झालेला खर्च माल ठेवल्याने परत येत नाही. आज 649.50 ला विकून हातात येणाऱ्या 601 रुपयांची बरोबरी करायला, त्यावरचे नऊ महिन्यांचे व्याज, जागेचे भाडे आणि विक्रीचा खर्च व कर धरून, पुढच्या हंगामात तोच स्वेटर सुमारे 765 रुपयांना जावा लागेल. एवढा भाव नक्की मिळेल असे वाटत असेल तर माल ठेवावा, नसेल तर फेब्रुवारीतच खोट खाऊन मोकळे व्हावे. 722 हा आकडा फक्त खोट कुठून सुरू होते ते सांगतो. ती सोसायची की नाही, हे 765 च्या आकड्यावरून ठरते.